प्लेटचा दर : मिनिमम, सेटअप आणि ४६वी प्लेट

मंडळी, जेवणाच्या ऑर्डरींसाठी लागणारी पदार्थांची वजनं आणि सामानाचा हिशेब गेल्या नोंदीत संपला होता. एका प्लेटमागचा सामानाचा खर्च आता डोळे मिटून सांगता येतो, म्हणून पुढची नोंद मांडणीवर लिहायची ठरवली होती. ती लांबली, कारण मध्येच एक चौकशी आली आणि तिने दराचा सगळा तक्ता उसवला.

चौकशी साधी होती. ४० पाहुणे, एका वेळचं जेवण, जागा त्यांची. मी प्लेटला ४०० कळवले. होकार येतोय असं वाटत असतानाच निरोप आला : "आम्ही २८च होऊ. दर तोच ना?"

हा "दर तोच ना" मला फार छळून गेला. पुढचे आकडे मोजायला सोपे असे गोल केलेत, चलन तुम्ही तुमचं धरा.

पाहुणे कितीही असोत, एका ऑर्डरमागे हे लागतंच : गाडीचं जाणं-येणं १२००, दोन मदतनीस मिळून १८००, गरम ठेवायच्या भांड्यांचं भाडं १०००, इंधन आणि मांडणीचं किरकोळ सामान ५००, आणि माझे स्वतःचे तास १५००. बेरीज ६०००. शेवटच्या रकमेवरून आपल्यात वाद आहे, ठाऊक आहे. "छंद आहे, तासांचे पैसे कसले धरतोस?" असं म्हणणारे बरेच. पण यादी काढणं, सामान आणणं आणि रात्री भांडी परत करणं यांचे तास नफ्यात दडवले, की नफा नक्की कशाचा झाला ते कधीच कळत नाही. मी ते खर्चातच धरतो.

प्लेटमागे वाढणारा खर्च १५०. त्यात कच्चं सामान १२०, कमी पडू नये म्हणून त्याच्या दहा टक्के जादा म्हणजे १२, आणि प्लेट-वाटी-पाणी वगैरे १८.

४० जणांना हिशेब असा : ६००० भागिले ४० म्हणजे १५०, त्यात हे १५०, एकूण ३००. विक्रीच्या रकमेतला पाव हिस्सा मला उरायला हवा, म्हणून ३०० भागिले ०.७५, म्हणजे ४००. इथे नवे लोक हमखास ३०० वर २५ टक्के चढवून ३७५ सांगतात. त्यात विक्रीच्या २० टक्केच उरतात. दोन्ही पद्धती चालतात, पण आपण कुठली वापरतोय ते ठाऊक हवं.

आता २८ जण आणि दर तोच. हातात ११२००. खर्च ६००० अधिक ४२००, म्हणजे १०२००. उरले १०००. आणखी चार जण गळाले की उरलं शून्य, कारण प्रत्येक प्लेट स्थिर खर्चाला २५० चा हातभार लावते आणि ६००० भरून निघायला २४ प्लेटा लागतात. म्हणजे ४०० हा आकडा प्लेटचा दर नव्हताच. तो ४० जणांचा दर होता.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच : मिनिमम. तो अंदाजाने न ठरवता उलटा काढला. ती तारीख अडवून ठेवायची तर मला निदान २५०० उरायला हवेत. ६००० अधिक २५०० म्हणजे ८५००, भागिले २५० म्हणजे ३४. गोल करून ३५ प्लेटांचा मिनिमम, म्हणजे निदान १४००० चं बिल. कागदावर सुरेख. पण २८ वाल्यांच्या जागी उभं राहून बघा. ते १४००० देणार आणि जेवणार २८ जण, म्हणजे त्यांना प्लेट पडली ५०० ला. शिवाय सात न जेवलेल्या प्लेटांचे पैसे त्यांना डोळ्यांसमोर दिसतात. त्यांचा पहिला प्रश्न असतो, "मग त्या सात प्लेटा बांधून द्याल ना?" प्रश्न रास्त आहे. आकडा आधी कळला तर मी त्या सात प्लेटा रांधणारच नाही, आणि मला ३८०० उरतील. स्वयंपाक झाल्यावर कळलं तर उरतील २७५०. गिऱ्हाइकाने लवकर सांगितल्याचा सगळा फायदा माझ्या खिशात जातो, हे मलाच पटेना.

म्हणून दर दोन तुकड्यांत मांडून पाहिला. सेटअपचे, म्हणजे स्थिर खर्चाचे, ६००० भागिले ०.७५ म्हणजे ८०००, आणि प्लेटचे १५० भागिले ०.७५ म्हणजे २००. चाळिसांना ८००० अधिक ८०००, तेच १६०००. २८ जणांना १३६००, आणि खर्च जाऊन ३४०० उरतात, बरोबर पाव हिस्सा. २० जण आले तरी पाव हिस्सा उरतोच. तक्त्यात हे पाहिलं तेव्हा खुर्चीतून उठून एक चक्कर मारली. आकडा कितीही हलो, कुणाचंच नुकसान नाही.

अडचण एकच. "सेटअप ८०००" ही ओळ कुणालाच आवडत नाही. मदतनिसांची मजुरी, गाडी, भांडी असं फोडून दाखवलं तर प्रत्येक ओळीवर घासाघीस सुरू होते : गाडी आम्ही पाठवतो, भांडी आमच्याकडे आहेत. त्यांची भांडी मापाची निघत नाहीत आणि आयत्या वेळी माझीच न्यावी लागतात, हा अनुभव तुम्हालाही असेल.

शेवटी या दोन्हींचा मेळ घातला. पहिल्या ३० प्लेटा मिळून १४०००, त्यापुढची प्रत्येक प्लेट २००. आतला हिशेब दोन तुकड्यांचाच आहे, ८००० अधिक ६०००, पण गिऱ्हाइकाला सेटअपची ओळ दिसत नाही आणि मिनिममही त्यातच येतो. चाळिसाव्या प्लेटला बरोबर १६००० होतात, म्हणजे आधी सांगितलेल्या आकड्याशीही तंटा नाही. गंमत म्हणजे "पुढची प्लेट २००" ऐकल्यावर लोक पाहुणे कमी करण्याऐवजी वाढवायचा विचार करू लागतात. २८ वाल्यांनी चटकन विचारलं, "मग शेजारच्यांनाही बोलावू का?"

त्यातच दुसरी खोच सापडली. ४५ प्लेटांपर्यंत दोन मदतनीस पुरतात. ४६व्या प्लेटला तिसरा माणूस लागतो आणि गाडी मोठी घ्यावी लागते, मिळून १५०० एकदम वाढतात. ४५ जणांना प्लेटचा खर्च २८३ आणि ४६ जणांना ३१३. तो पुन्हा २८३ च्या खाली यायला ५७ प्लेटा लागतात. ४६ ते ५६ हा पट्टा म्हणजे खड्डाच, आणि गिऱ्हाईक तर "जास्त माणसं आहेत, दर कमी करा" म्हणत नेमकं त्यातच येतं.

आधी वाटलं, ४६व्या प्लेटला २००० (१५०० भागिले ०.७५) एकरकमी लावून टाकू. पण मग ४५ ला १७००० आणि ४६ ला १९२००. असा दर लावला की लोक ४५ सांगतात आणि ५२ येतात. दोन मदतनिसांची तारांबळ, जादाचं दहा टक्के अन्न पंगत अर्धी व्हायच्या आत गायब, आणि शेवटच्या माणसांपुढे रिकामं भांडं. म्हणून ते २००० दहा प्लेटांवर पसरले : ४६ ते ५५ या प्लेटा ४०० ला, ५६ पासून पुन्हा २००. ४६ ला माझा नफा ४२५० वरून ३००० वर घसरतो, ५० ला ४००० होतो, ५५ ला पाव हिस्सा पुरा भरतो. मधली थोडी झळ मी सोसतो, पण आकडा लपवावा असं कुणाला वाटत नाही.

हे लिहिता लिहिता वेगळंच सुचलं. तिसरा माणूस लागतो तो मुळात एकाच पदार्थामुळे, जो जागेवर गरम काढून वाढावा लागतो. बाकी सगळं दोघं सांभाळतात. तो बदलून घरून करून नेता येईल असा पदार्थ घेतला, तर मदतनिसांची मर्यादा ४५ वरून निदान ६० वर जाईल असा माझा अंदाज आहे. मोठ्या गाडीचे जादा ६०० तेवढे लागतील. म्हणजे दराचा खड्डा मेन्यूतच बुजवता येईल. ४५च्या वरची चौकशी आली की आता दोन मेन्यू पाठवणार, गरम पदार्थाचा आणि त्याशिवायचा, दोन दरांनी. कुठला घ्यायचा ते त्यांनी ठरवावं.

तक्त्याचं सूत्र बऱ्याच जणांनी मागितलं होतं. B1 स्थिर खर्च, B2 प्लेटचा खर्च, B3 नफ्याचा हिस्सा (0.25), B4 पाहुणे, B5 एकदम वाढणारा खर्च, B6 त्याची मर्यादा.

```
=(B1+B2*B4+IF(B4>B6,B5,0))/(1-B3)/B4
```

हे एका आकड्याला न लावता B4 ला २० ते ७० चालवून आलेख काढा. ४६ वर उडी दिसते आणि सगळं लख्ख होतं. रेसिपी-कॉस्टिंगची तयार ॲप्स मी वापरून सोडली. ती एका संख्येला भागून एकच दर हातात देतात, आणि आपली अडचण नेमकी तीच आहे. भांडी भाड्याने देणाऱ्यांबद्दलही एक : पूर्ण सेट गळ्यात मारतात, ३० प्लेटांना लागतं त्याच्या दुप्पट. सुटी भांडी देणारा मिळाला तर जपा, स्थिर खर्चातली ती सर्वांत सहज कमी होणारी ओळ आहे.

आणखी एक गोष्ट आता लेखी घेतो. फायनल आकडा मी सामान आणायला निघायच्या आदल्या दिवशी. त्यानंतर तो वाढू शकतो, तोही पाच प्लेटांपर्यंतच, कमी होणार नाही. ही ओळ नसेल तर वरचा सगळा हिशेब फुकट.

२८ वाल्यांची ऑर्डर झाली. शेजारी आले, फायनल आकडा ३३, बिल १४६००, खर्च १०९५०, उरले ३६५०. दहा टक्के जादातलं जवळजवळ काहीच उरलं नाही, त्यामुळे तीसच्या आसपास सरसकट दहा टक्के पुरतात का, ही शंका आली आहे. थोड्या माणसांत दोघांनी दोनदा वाढून घेतलं तरी अंदाज हलतो. पुढच्या दोन ऑर्डरींना टक्क्यांऐवजी सरळ पाच प्लेटांचं जादा सामान धरून बघतो. ते स्थिर खर्चात गेलं तर १४००० चा आकडा परत मांडावा लागेल.