नळाचं तोंड आठ वाजता अडलं

मोरीतला नळ थेंब थेंब गळत होता, एवढंच खरं तर झालं होतं. वायसर बदललं तरी गळायचा राहिला नाही. करंगळी आत घालून चाचपलं तेव्हा कळलं की वायसर ज्या पितळी कडेवर बसतं तिलाच खाच पडली आहे. ती कड घासून सपाट करायचं एक हत्यार मिळतं. ते मी आणलं नाही. "त्यापेक्षा अख्खा नळच बदलू, दहा मिनिटांचं काम," हे माझंच वाक्य. बायको अजून ते माझ्याच आवाजात म्हणून दाखवते.

जुना नळ निघाला बिनबोभाट. भिंतीतून डोकावणारं पितळी निपल, म्हणजे पाइपला नळ जोडणारा आखूड तुकडा, जागेवरच राहिलं आणि नवा नळ त्याच्यात बसवायचा होता. नळाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली आणि फिरवायला लागलो, तर टेप गोळा होऊन दोऱ्यासारखी बाहेर आली. उलटी गुंडाळली होती. आट्यांचं टोक आपल्याकडे धरायचं आणि टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायची, म्हणजे नळ आवळताना ती आणखी घट्ट होते. उलट गुंडाळली तर सुटत जाते.

दुसऱ्यांदा टेप बरोबर बसली, आणि खरी कटकट इथूनच सुरू झाली. नळ चांगला आवळला गेला, पण त्याचं तोंड खाली बादलीकडे नव्हतं. घड्याळात सहा वाजता असायला हवं ते आठ वाजता अडलं होतं. असा नळ उघडला की पाणी थेट शेजारच्या भिंतीवर. दोन तास मागे घेऊ म्हटलं आणि घेतले. नळ सरळ दिसायला लागला. मी मागे सरून कौतुकाने बघितलं, बायकोलाही बोलावलं. व्हॉल्व्ह उघडला तर नळाच्या बुडातून पाणी पाझरतंय. टेप लावलेला जोड एकदा आवळला की मागे फिरवायचा नसतो, दाबलेली टेप सैल पडते आणि पाण्याला वाट मिळते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बायको फक्त "सरळ मात्र छान दिसतोय हं" एवढंच म्हणाली.

आता मागे जाता येत नाही, तर पुढे जाऊ. आठपासून पुढे फिरत पुन्हा सहाला यायचं म्हणजे जवळजवळ अख्खा फेरा. हाताने हलेना म्हणून मोठा पाना लावला. पाना छोटा असता तर बरं झालं असतं, कारण लांब दांड्यामुळे आपण किती जोर लावतोय ते कळतच नाही. नऊ झाले, दहा झाले, साडेअकराला जरा जड गेलं, आणि मग अचानक सगळं मऊ झालं. मला वाटलं, बसला! नळ माझ्या हातात आला होता, निपलच्या तुकड्यासकट. उरलेलं निपल भिंतीत, आतल्या काटकोनी जोडाच्या, म्हणजे एल्बोच्या, आट्यांमध्ये घट्ट. तुटलेली कड पिवळी नव्हती, गुलाबीसर होती. वर्षानुवर्षं पाण्यात राहून पितळेतलं जस्त निघून जातं आणि ठिसूळ तांबं उरतं, हे मला दुसऱ्या दिवशी प्लंबरने सांगितलं.

भोक बंद करायला डेड प्लग आणला तर तो बसेना. ज्या आट्यांत बसवायचा त्यांत मोडकं निपल ठाण मांडून होतं. आणि टाकीचा व्हॉल्व्ह जुना, बंद करूनही बारीक धार चालूच. म्हणून रात्रभर खाली बादली, ती भरली की दुसरी. बाकी घराचं पाणी बंद. (काहीही खोलायच्या आधी व्हॉल्व्ह बंद करून सगळ्यात खालचा नळ उघडा आणि धार पूर्ण थांबते का बघा. हे वर सांगायला हवं होतं.)

प्लंबरदादांनी हॅक्सॉचं नुसतं पातं फडक्यात धरलं आणि निपलच्या आतून एक खाच पाडली. थोडं कापायचे, पाणी पुसून बघायचे, पुन्हा कापायचे. एल्बोच्या आट्यांना पातं लागलं तर भिंत फोडावी लागणार होती. मग शेजारीच दुसरी खाच. मधली पट्टी स्क्रूड्रायव्हरने आत वाकवली आणि निपल आक्रसून सुटलं. नवं निपल, नवा नळ. तोंडाचं काय करतात ते मी टक लावून बघत होतो. त्यांचाही नळ आठलाच अडला. त्यांनी तो काढला, टेपचे चारेक वेढे वाढवले आणि परत लावला. वेढे जास्त असले की नळ लवकर घट्ट होतो. सहाला बरोब्बर थांबला.

"साहेब, आधीचं कोणी केलं होतं?" त्यांनी विचारलं.

"मागच्या भाडेकरूने," मी म्हणालो. बायको स्वयंपाकघरातून खोकली.