3600 ची रॅम आणि कोरा पडदा

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात जूनच्या पहिल्या पावसात कळव्याचा एक मुलगा रिक्षातून कॅबिनेट घेऊन आला. प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत गुंडाळलेलं, वर टॉवेल. लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. जुनी आठ जीबीची रॅम पुरेना म्हणून त्याने सोळा जीबीची नवी पट्टी घेतली होती, डीडीआर4, 3600 च्या वेगाची. ती लावली की पडदा कोरा. काढून जुनी लावली की मशीन नेहमीसारखं चालू.

"ताई, पट्टी डेडच आली आहे," तो म्हणाला. "पण दुकानदार परत घेत नाही. म्हणतो, तुझा बोर्ड 3600 घेत नाही म्हणून दिसत नाही, माल चांगला आहे. मला फक्त एवढं सांगा, पट्टी खराब आहे की बोर्ड?"

परत करायची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपत होती. मी कॅबिनेट टेबलावर आडवं केलं आणि हातातली बाकीची कामं बाजूला ठेवली.

मदरबोर्ड बी450 चिपसेटचा, चार स्लॉटचा. प्रोसेसर रायझन 5 2600. बोर्डाच्या खोक्यावर रॅमच्या वेगांची जी यादी असते, तिच्यात वरच्या आकड्यांपुढे `(OC)` लिहिलेलं असतं. लोक सगळ्यात मोठा आकडा वाचतात आणि कंसातलं सोडून देतात. तो कंस सांगतो की हा वेग ओव्हरक्लॉकचा, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपलीकडे ताणलेला आहे, मिळाला तर मिळाला. या प्रोसेसरला एएमडीने दिलेली मर्यादा 2933 ची आहे. रॅमचा कंट्रोलर प्रोसेसरच्या पोटात असतो, त्यामुळे बोर्डाने कितीही मोठा आकडा छापला तरी शेवटचा शब्द प्रोसेसरचा.

म्हणजे दुकानदार म्हणत होता त्यातलं अर्धं खरं होतं. 3600 इथे चालण्याची शक्यता फारच कमी. पण 'म्हणून दिसत नाही' हे मला पटेना. प्रत्येक पट्टीवर एक छोटी चिप असते, एसपीडी. डीडीआर4 मध्ये तिची जागा जेमतेम 512 बाइट्सची. तिच्यात आधी जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा तक्ता असतो: 2133, 2400 किंवा 2666, आणि व्होल्टेज 1.2. एक्सएमपी हा त्याच चिपवर वेगळा लिहिलेला दुसरा तक्ता. 3600 हा आकडा त्या दुसऱ्या तक्त्यातला, बहुतेक 1.35 व्होल्टचा, आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात तोच छापतात. एक्सएमपी बंद असेल तर बोर्ड पहिला तक्ता वाचतो आणि सावकाश वेगाने चालू होतो. म्हणून 3600 ची धड पट्टी 2666 च्या बोर्डातही दिसायला हवी, फक्त ती 2666 किंवा त्याहून कमी वेगाने चालेल. मुळीच दिसत नसेल तर कारण दुसरीकडे शोधायचं.

मी जुनी पट्टी काढून ठेवली आणि त्याला सांगितलं, "नवी तू कशी लावलीस तशीच लाव." त्याने प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली. जागा बरोबर होती, एकच पट्टी असेल तर बहुतेक बोर्डांना तीच लागते. खटका टक्कन बंद झाला. मी टॉर्च खाली धरला. या बोर्डाला खटका एकाच बाजूला आहे, दुसरं टोक नुसत्या खाचेत बसतं. खटक्याकडचं टोक पूर्ण आत होतं, पण दुसऱ्या टोकाला स्लॉटच्या काठावर सोनेरी रेघ दिसत होती, नखाच्या कडेएवढी. पट्टीला 288 संपर्क असतात. ती रेघ दिसते तोवर त्या टोकाचे काही टेकलेलेच नसतात. मी अंगठ्याने ते टोक दाबलं, आणखी एक बारीक टक्क झाला, रेघ गेली.

"हे मी पाहिलंच नाही," तो म्हणाला. खटका लागला की सगळ्यांना वाटतं, पट्टी बसली.

मशीन चालू केलं. पंखे फिरले, पडदा कोरा. बोर्डावर `DRAM` लिहिलेला दिवा पेटला तो पेटूनच राहिला. मी घड्याळ लावून पाच मिनिटं थांबले. नवी रॅम लागली की बोर्ड तिची ओळख करून घेतो, मध्ये एकदोनदा आपोआप बंद-चालू होतो, आणि घाईने बटण दाबणारे ते काम अर्धवट तोडतात. पाच मिनिटांनी काहीच झालं नाही तेव्हा क्षणभर मलाही वाटलं की पट्टी खरंच गेलेली असेल.

मग त्याला विचारलं, "जुन्या पट्टीचा वेग किती होता?"

"3200. बसवली तेव्हा मित्राने बायोसमध्ये काहीतरी चालू केलं होतं, तेव्हापासून 3200 दाखवते."

ते 'काहीतरी' म्हणजे एक्सएमपी. एएमडीच्या बोर्डावर कुठे त्याला `A-XMP` म्हणतात, कुठे `DOCP`, काम एकच. गोम तिथेच होती. बायोसमध्ये जे साठवलेलं असतं ते 'एक्सएमपी चालू' एवढंच असू शकतं. जुनी पट्टी होती तोवर त्याचा अर्थ 3200 होता, आणि 2600 च्या कंट्रोलरने ते मर्यादेबाहेर जाऊनही निभावलं. नवी पट्टी एकटी लावल्यावर बोर्डाने त्याच हुकमावरून नव्या पट्टीचा तक्ता उघडला आणि थेट 3600 ने सुरुवात करायला गेला. कंट्रोलरला ते झेपेना. पुष्कळ बोर्ड दोनतीनदा आपटले की स्वतःहून मूळ सेटिंगवर येतात. हा येत नव्हता.

आता सीमॉस क्लिअर करायचं, म्हणजे बायोसमध्ये साठवलेली सेटिंग पुसून मूळ सेटिंग आणायची. त्याआधी मी त्याला विचारलं की विंडोजला बिटलॉकर, म्हणजे डिस्कचं कुलूप लावलंय का. हे न विचारता केलं आणि त्या कुलपाची किल्ली सांभाळणारं बायोसमधलं टीपीएम मूळ सेटिंगला गेलं, तर विंडोज रिकव्हरी की मागतं, आणि ती गिऱ्हाइकाकडे नसते. त्याच्याकडे विंडोज 10 होतं, बिटलॉकर नव्हतं. एसएमपीएसचं मागचं बटण बंद केलं, समोरचं पॉवर बटण दाबून धरून उरलेला करंट घालवला, बोर्डावरच्या सीमॉसच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दहा सेकंद जोडल्या.

पुन्हा चालू केलं. दिवा पेटला, मशीन स्वतःच बंद झालं, पुन्हा सुरू झालं, आणि अर्ध्या मिनिटात पडद्यावर बायोस. 16 जीबी, 2400. पट्टी जिवंत होती.

मुलाने खुर्ची पुढे ओढली.

मग जुनी पट्टी चौथ्या स्लॉटमध्ये लावली, म्हणजे दोन्ही वेगवेगळ्या चॅनेलवर येतात. 24 जीबी दिसले, दोन्ही 2400 वर. पॉवरशेलमध्ये खात्री करून घेतली:

```
Get-CimInstance Win32_PhysicalMemory |
 Select DeviceLocator,Capacity,ConfiguredClockSpeed
```

पट्टीच्या तक्त्यात काहीही असो, या घडीला ती कितीवर चालते ते शेवटच्या रकान्यात कळतं.

इथे थांबता आलं असतं. पण त्याला निदान पूर्वीचे 3200 तरी परत हवे होते. मी 3200 आणि 1.35 व्होल्ट हाताने भरले. मशीन चालू झालं, विंडोज उघडलं, त्याचा एडिटिंगचा प्रोजेक्टही उघडला. तो खूष होऊन उठायला लागला. मी त्याला बसवलं आणि रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट86 चा पेनड्राइव्ह लावला. पहिल्याच फेरीत एरर यायला लागले.

माझ्या मते सगळ्यात वाईट अवस्था हीच. पडदा कोरा असला तर माणूस दुकानात येतो. विंडोज उघडलं, काम चाललं, आणि आत अधूनमधून एखादा बिट चुकीचा लिहिला जातोय, हे कुणाच्या लक्षात येत नाही. चार तास रेंडर करून फाइल बिघडलेली निघते, प्रोजेक्ट मध्येच उघडेनासा होतो, आणि दोष सॉफ्टवेअरवर जातो. कुणाच्यातरी लग्नाचं फुटेज पुन्हा शूट करता येत नाही.

3200 एकट्या जुन्या पट्टीला झेपत होतं, दोघींना का नाही? प्रोसेसर आणि रॅमची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेड प्रोग्रॅमच्या एसपीडीच्या पानावर नव्या पट्टीपुढे `Dual` रँक दिसत होतं, जुनी `Single`. ड्युअल रँक म्हणजे एकाच पट्टीवर चिपांचे दोन संच. कंट्रोलरच्या दृष्टीने तो जवळपास दोन पट्ट्यांचा भार. वरच्या हीटसिंकमुळे बाहेरून हे कळत नाही. एकीला निभावलेला ओव्हरक्लॉक भार वाढल्यावर तुटला. व्होल्टेज चढवत आणखी खेळता आलं असतं, पण जे मशीन रोजीरोटीचं आहे त्यावर मी ते करत नाही. सरळ 2933 वर उतरले, टायमिंग दोघींपैकी जास्त सैल होती ती, नव्या पट्टीची, ठेवली.

मेमटेस्ट पुन्हा लावला आणि त्याला घरी पाठवलं. फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या होतात. चोवीस जीबीला रात्र गेली. सकाळी शटर उघडलं तेव्हा एररच्या रकान्यात शून्य होतं.

तो दुपारी आला तो काळजीतच. कुणीतरी सांगितलं होतं म्हणून येताच त्याने सीपीयू-झेड उघडून पाहिलं. "ताई, हे 1466 दाखवतंय, अर्ध्यावर आलं!" डीडीआर म्हणजे एका ठोक्याला दोन वेळा डेटा. सीपीयू-झेड ठोके दाखवतं, खोक्यावर त्याची दुप्पट छापतात. त्याच्याच मोबाइलवर 1466 ची दुप्पट करायला लावली तेव्हा तो शांत झाला.

पट्टी परत करू का, हा प्रश्न उरला. मी म्हणाले, पट्टीत दोष नाही, ठेव. आता प्रोसेसर बदलशील तेव्हा 3600 चा उपयोग होईल, तोवर 2933 धरून चाल. आणि पुन्हा कधी रॅम घ्यायची झाली तर खोक्यावरच्या आकड्याआधी प्रोसेसरची मर्यादा बघ, मग बोर्डाच्या वेबसाइटवर तपासलेल्या रॅमच्या यादीत ती पट्टी आहे का ते बघ.

बाजूचं झाकण लावण्याआधी मी आतून कागदाची चिठ्ठी चिकटवली: स्लॉट दुसरा आणि चौथा, 2933, 1.35 व्होल्ट, रॅम बदलण्याआधी एक्सएमपी बंद. त्याने ती दोनदा वाचली, फोटो काढला, आणि मग टॉवेल, पिशवी, पुन्हा रिक्षा.