पगार वाढतो, कर्जही वाढतं, मग ते फिटतं कधी?

ऑस्ट्रेलियात विद्यापीठाच्या शिक्षणासाठी सरकार जे कर्ज देतं, त्याला ठरलेला हप्ता नसतो. १९८९ साली ही पद्धत सुरू झाली, तेव्हा तिचं नाव हेक्स होतं. आता योजनेचं नाव हेल्प आहे, पण इथले लोक अजूनही ‘हेक्सचं कर्ज’च म्हणतात. पगार ठरावीक मर्यादेच्या वर गेला की त्यातला वाटा करासोबत कापला जातो. मर्यादेखाली असला तर काहीच कापत नाहीत. मुदतही नाही. आपल्याकडच्या कर्जात हप्ता आणि मुदत दोन्ही पहिल्या दिवशी कागदावर असतात, त्यामुळे इथे राहायला आल्यावर मला सगळ्यात जास्त छळलेला प्रश्न हाच होता: मग हे फिटतं कधी?

माझ्या मुलीचं असं कर्ज आहे. नोकरी लागून काही वर्षं झाली, दर वर्षी पैसे कापले जातात, तरी बाकी जवळजवळ तिथेच. “आई, हे आयुष्यभर चालणार का?” असं तिने विचारलं, तेव्हा मी कागद घेऊन बसले. त्या हिशोबात एक गोष्ट इतकी स्पष्ट दिसली की ती नीट सांगावीशी वाटते.

समजा, पहिल्या वर्षाचा पगार १०० आहे आणि कर्ज २५०, म्हणजे पगाराच्या अडीचपट. दर वर्षी पगाराच्या १० टक्के फेड. पगार वर्षाला ५ टक्क्यांनी वाढतो आणि कर्जही ५ टक्क्यांनी वाढतं. हिशोब सोपा राहावा म्हणून वर्षाच्या सुरुवातीला फेड आणि मग वाढ, असं धरू.

पहिल्या वर्षी १० भरले, २४० उरले, त्यावर ५ टक्के चढून झाले २५२. म्हणजे पैसे भरूनही बाकी वाढली! दुसऱ्या वर्षी पगार १०५, फेड साडेदहा, आणि वर्षाअखेर बाकी साधारण २५३.६. ही चढण चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत चालते आणि बाकी २५५ च्या आसपास पोचते. दहा वर्षांनंतरही ती २४४ असते. दहा वर्षं इमानेइतबारे भरून फक्त सहा कमी झालेले पाहिले की कोणाचाही धीर सुटेल.

आता त्याच दहा वर्षांत पगाराचं काय झालं ते पाहा. तो १०० वरून जवळजवळ १६३ झाला. २४४ ला १६३ ने भागलं की येतात दीड. सुरुवातीला कर्ज पगाराच्या अडीचपट होतं, आता दीडपट आहे. दर वर्षी हा आकडा ०.१ ने उतरत आला आहे, एकदाही न चुकता. अडीचमधून वर्षाला ०.१ गेलं तर पंचवीस वर्षांत शून्य होतं, म्हणजे दहा वर्षांत चाळीस टक्के वाट सरलेली आहे. बाकीच्या रकमेत ते दिसत नाही, कारण खरी उतरण शेवटच्या वर्षांत येते: पंधराव्या वर्षाअखेर बाकी २०८, विसाव्याअखेर १३३, आणि पंचविसाव्या वर्षी संपलं.

म्हणून अशा कर्जात रुपये-डॉलरमधली बाकी बघत बसू नये. कर्ज भागिले वार्षिक पगार, एवढाच आकडा दर वर्षी वहीत लिहावा. तो उतरत असेल तर कर्ज फिटतंय.

कर्ज आणि पगार एकाच वेगाने वाढत असतील तर वाढीचा दर २ टक्के असो की ८, वर्षं तेवढीच लागतात. फरक पडतो तो दोन वेगांतल्या अंतराने, आणि तो दोन्ही बाजूंना सारखा पडत नाही. पगार ७ टक्क्यांनी आणि कर्ज ४ टक्क्यांनी वाढलं, तर वरचंच कर्ज पंचविसाऐवजी साधारण १९ वर्षांत फिटतं. उलट पगार ३ ने आणि कर्ज ६ ने वाढलं तर जवळजवळ ४३ वर्षं लागतात. अंतर दोन्हीकडे तीनच टक्क्यांचं, पण एकीकडे सहा वर्षं वाचतात आणि दुसरीकडे अठरा वाढतात. या दुसऱ्या स्थितीत कर्ज पगाराच्या साडेतीनपटीहून थोडं जास्त असेल, तर ते कधीच फिटत नाही. इंग्लंडमध्ये २०२३ पासूनच्या अभ्यासक्रमांसाठी जी योजना आहे, तिच्यात ४० वर्षांनी उरलेलं कर्ज माफ होतं. ऑस्ट्रेलियात अशी कालमर्यादा नाही, त्यामुळे कर्ज कोणत्या दराने वाढतं हा इथे फार मोलाचा प्रश्न आहे.

हे कर्ज महागाईच्या प्रमाणात दर १ जूनला वाढवतात. २०२३ मध्ये ती वाढ ७.१ टक्के झाली. एवढी पगारवाढ किती जणांना मिळाली असेल? लोक चिडले, आणि ते बरोबरच होतं. २०२४ च्या अखेरीस कायदा बदलला: महागाई आणि सरासरी वेतनवाढ यांत जो दर कमी असेल, तोच लावायचा. तो मागील तारखेपासून लागू केल्यामुळे २०२३ ची वाढ ३.२ टक्क्यांवर आली. माझ्या मते या योजनेतला हा सगळ्यात न्याय्य नियम आहे. ज्याचा पगार सरासरीइतका वाढतो, त्याच्या कर्जाने त्याच्या पुढे पळू नये, याची ती हमी आहे.

२०२५-२६ पासून कापण्याची रीतही बदलली. पूर्वी मर्यादा ओलांडली की सगळ्या पगारावर टक्का लागायचा. आता मर्यादेच्या, म्हणजे २०२५-२६ साठी ६७,००० डॉलरच्या, वर जेवढं मिळतं, सुरुवातीच्या टप्प्यात त्याच्याच १५ टक्के. पगार ८०,००० असेल तर वरच्या १३,००० वर १,९५० डॉलर. पुढच्या वर्षी पगार ७ टक्क्यांनी वाढून ८५,६०० झाला आणि मर्यादा ४ टक्क्यांनी सरकून ६९,६८० झाली असं धरलं, तर फेड २,३८८ होते. पगारवाढ ७ टक्क्यांची, पण फेड २२ टक्क्यांनी वाढली. मर्यादेच्या जवळ असताना सरासरीहून थोडी जास्त पगारवाढसुद्धा कर्जाची बरीच वर्षं कापते. सुरुवातीची फेड मात्र लहान असते, त्यामुळे पहिल्या काही वर्षांत बाकी फुगलेली दिसणारच.

एक बारीक गोष्ट मला बरीच उशिरा कळली. मालक दर पगारातून जे कापतो, ते लगेच कर्जातून वजा होत नाही. कर विवरणपत्र भरून त्याची छाननी झाली की मगच होतं, म्हणजे १ जूनची वाढ तोवर लागून गेलेली असते. स्वतःहून वेगळे भरलेले पैसे मात्र लगेच वजा होतात. त्यामुळे कोणाला जास्तीचे भरायचेच असतील तर ते मेअखेरच्या आत जमा झालेले बरे.

मुलीने शेवटी विचारलं, दोन वर्षं नोकरी सोडली तर? कापलं काही जाणार नाही, पण वाढ चालू राहील. वरच्या उदाहरणात दहा वर्षांनी कर्ज पगाराच्या दीडपट होतं, म्हणजे पंधरा वर्षं उरली होती. दोन वर्षं फेड शून्य आणि कर्ज ५ टक्क्यांनी वाढत राहिलं, तर जुन्याच पगारावर परत रुजू होताना ते १.६५ पट झालेलं असेल. तिथून साडेसोळा वर्षं. विश्रांती दोन वर्षांची, शेवट लांबला साडेतीन वर्षांनी. बाळंतपणासाठी किंवा घरच्या आजारपणासाठी थांबणाऱ्यांना हा फरक सोसावा लागतो, आणि थांबणाऱ्यांत बायकाच जास्त असतात.