तुम्ही विचारलंत म्हणून: घाण्याचा बैल

‘तुमच्या गोष्टीतली शेतकऱ्याची पोर तेल काढताना उखळात वाकून बघत नाही. बैलाकडेच बघत बसते. असं का?’

कारण उखळात काय चाललंय ते बैलाच्या पायांवरून आधी कळतं. मी स्वतः लहानपणी तसंच बघितलंय.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. भुईमूग निघाला की शेंगा वाळवायच्या आणि रात्री चिमणीच्या उजेडात घरातल्या बायापोरींनी त्या फोडायच्या. अंगठ्याची कड सोलून निघायची. वर्षाच्या तेलाचे दाणे असे जमले की मी वडिलांबरोबर घाण्यावर जायचे. आपण फोडलेल्या दाण्यांचं तेल नीट निघतंय ना, हीच मला काळजी असायची.

घाणा म्हणजे जमिनीत पक्कं रोवलेलं लाकडी उखळ. त्यात तिरकी उभी लाट, म्हणजे जाड लाकडी मुसळ. लाटेचं वरचं टोक एका लांब आडव्या दांड्याला जोडलेलं असे. दांड्याचं एक टोक उखळाच्या अंगाला घासत फिरे आणि दुसऱ्या टोकाला बैल. दांड्यावर दगड ठेवलेले असत, कधी घाणेवाले आबा स्वतः बसत. त्या वजनानेच लाट उखळाच्या भिंतीवर दाबली जाते. बैल दांडा ओढून लाट नुसती फिरवतो, दाब येतो तो दांड्यावरच्या वजनाचा. बैलाच्या डोळ्यांना ढापण. उघड्या डोळ्यांनी एवढ्याशा रिंगणात तो फार वेळ फिरायचा नाही, आणि दाण्यांकडे तोंडही वळवायचा.

सुरुवातीला दाण्यांचा नुसता भुगा होतो. तेव्हा बैल सैल चालतो, शेपटी हलवत. मग आबा ओंजळीने थोडं कोमट पाणी शिंपडत. तेलात पाणी का घालतात, हे मला कितीतरी दिवस कळलं नव्हतं. भुग्यात तेल असतं, पण ते कणाकणाला धरून बसलेलं असतं. पाणी कणांत शिरलं की चोथा एकमेकांना चिकटतो आणि तेल बाहेर ढकललं जातं. पाणी कमी पडलं तर भुगा सुटाच राहतो, लाट त्याला नुसती ढवळत बसते. जास्त झालं तर सगळ्याचा गिजका होतो आणि तेल दुधाळ निघतं. असं तेल कढईत तडतडतं आणि लवकर खवट होतं.

चोथा धरायला लागला की ओढ जड होते. एकदा मी ओरडले, ‘आबा, बैल अडखळला!’

आबा उठलेसुद्धा नाहीत. ‘अडखळला न्हाई बाय, पेंड धराया लागली.’

तेव्हापासून मी पायच बघायला लागले. पावलं आखूड होतात, मान खाली जाते, खांदा जुवावर टेकतो, दांडा कण्हल्यासारखा करकरतो. हीच वेळ सगळ्यात कष्टाची. अशा वेळी आबा एखादा दगड उतरवून ठेवत आणि उखळाच्या कडेला चढलेला चोथा लोखंडी सळईने मोकळा करून पुन्हा लाटेखाली ढकलत. ज्याला हे सुचत नाही, तो चाबूक उचलतो आणि बैलाचा खांदा सुजवतो. नंतर काही फेऱ्यांत पावलं पुन्हा लांब पडू लागत. करकर थांबे. तेल सुटून लाट निसटती झालेली असे. मग उठून बघायचं. भिंतीला पेंडीचा जाड थर, आणि मधोमध गढूळ पिवळं तेल. आबा काठीला बांधलेलं फडकं त्यात बुडवून भांड्यात पिळून घेत. दहा किलो दाण्यांना चार किलोच्या आसपास तेल निघे. बाकी पेंड. तीत बरंच तेल राहून जातं, म्हणून तर गुरं तिच्यावर तुटून पडतात. घरी आणलेलं तेल चार-पाच दिवस हलवायचं नाही, गाळ तळाशी बसू द्यायचा.

१९३४ साली गांधीजींच्या पुढाकाराने ग्रामोद्योग संघ निघाला. वर्ध्याला मगनवाडीत त्याने घाण्याच्या रचनेवर काम केलं. आज बहुतेक लाकडी घाणे मोटारीवर फिरतात. बैलाचा खांदा वाचला, याचा मला मनापासून आनंद आहे. गोष्ट लिहिताना मला जुना घाणा परत आणायचा नव्हता.

पहिल्या खर्ड्यात माझा बैल आरंभापासून शेवटपर्यंत एकाच चालीने फिरत होता आणि मुलगी त्याची कीव करत होती. वाचून मलाच ते खोटं वाटलं. घाण्यावर बसलेल्या पोरीला कीव येते, पण ती तेवढ्यावर थांबत नाही; तो कुठे दमला, हे तिला नेमकं दिसतं. म्हणून मी ती पानं काढली. आता गोष्टीतली मुलगी पावलं आखूड झालेली बघून उठते आणि कुणी सांगायच्या आत दांड्यावरचा दगड दोन्ही हातांनी खाली घेते.