पदराची रेघ

जास्वंदाच्या फुलाचा उभा छेद वर्गातल्या डिजिटल पॅनेलवर काढला, त्या दिवशी सातवीतली एक मुलगी तापाने घरी होती. पूर्वीच्या फळ्यावर असता, तर पुढच्या तासाच्या सरांनी डस्टर फिरवून पुंकेसरासकट फूल पुसलं असतं. आता कडेच्या टूलबारमधल्या कॅमेऱ्यावर बोट ठेवलं की झालं, चित्र Screenshots नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतं. व्हाइटबोर्डची स्वतःची फाइल त्याच्या अ‍ॅपशिवाय उघडत नाही, हे चित्र मात्र कुठेही उघडतं. म्हणून ते पेन ड्राइव्हवर घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जायचं ठरवलं.

आमच्या पॅनेलला खाली तीन यूएसबी आहेत. त्यातलं एक मागे बसवलेल्या विंडोज संगणकाचं. पेन ड्राइव्ह नेमका तिथे लावला. त्याचा दिवा लुकलुकत होता, पण पॅनेलच्या फाइल मॅनेजरमध्ये त्याचं नावही दिसेना. शेवटी एका मुलाने, "बाई, भोक चुकलंय," म्हणून शेजारच्यात लावून दिला.

घंटा झाली होती. Copy, Paste केलं आणि पेन ड्राइव्ह तसाच ओढून काढला. दुकानात फाइलचं नाव होतं, आकार मात्र 0 KB. पॅनेल 'झालं' म्हणतं तेव्हा चित्र कधीकधी त्याच्याच स्मृतीत रेंगाळत असतं. Eject दाबलं की राहिलेलं सगळं पेन ड्राइव्हवर उतरवून मगच ते हात सोडतं. Move न करता Copy केलं होतं, म्हणून मूळ चित्र तरी शाबूत राहिलं.

दुसऱ्या दिवशी Eject करून नेलं. दुकानदाराने प्रिंट काढली आणि म्हणाला, "बाई, हे काय, सगळं काळंच!" आमच्या पॅनेलची पाटी गडद हिरवी. काळ्या-पांढऱ्या छपाईत ती डांबरासारखी उतरली होती आणि पिवळ्या रेघा त्यात बुडाल्या होत्या. व्हाइटबोर्डचं पान सेव्ह होतं हे नशीब. परत येऊन पाटी पांढरी केली. आता पिवळ्या रेघा दिसेनात, म्हणून त्या निवडून काळ्या केल्या, टूलबार कडेला सारला आणि नव्याने टिपलं. या वेळी छपाई स्वच्छ आली.

मुलगी परत आली आणि दोन दिवसांत वही घेऊन हजर झाली. दलपुंज, निदलपुंज, अंडाशय, सगळं नीटनेटकं. फक्त परागकोशापासून पानाच्या कडेपर्यंत एक तिरकी रेघ होती आणि ती तिने पट्टी लावून काढली होती.

"ही कशाची गं?"

"तुमच्या चित्रात आहे ना, बाई. नाव नव्हतं, म्हणून मी पण लिहिलं नाही."

प्रिंट पाहिली. खरंच होती. आमचं पॅनेल काचेजवळच्या अवरक्त किरणांवर चालतं. किरण अडला की त्याला बोट काय आणि पदर काय, सारखंच. वळताना माझा पदर काचेला घासून गेला असणार.

वहीवर सही करून दिली. रेघेबद्दल काय सांगावं, ते त्या क्षणी सुचलं नाही.