उरलेलं बटर किती?

"तिसऱ्या पायरीत उरलेलं बटर घाला." वाचताना पेन्सिल तिथेच थांबली. साहित्यात १०० ग्रॅम बटर दिलंय. पहिल्या पायरीत "थोडं बटर" साखरेबरोबर फेटायचंय. मग उरलं किती?

मैत्रिणीने केकची कृती तपासायला दिली होती. विचारलं तर म्हणाली, "अगं, अंदाज येतोच की!" तिला येतो, कारण तिचा हात बसलाय. पहिल्यांदा करणाऱ्याला कुठून येणार?

मी साहित्यातल्या प्रत्येक वस्तूवर, ती कृतीत जिथे वापरली जाते तिथे खूण करत जाते. दही यादीत होतं, कृतीत कुठेच नव्हतं; ते मिश्रणात घालायची ओळ जोडली. व्हॅनिला कृतीत होता, यादीत नव्हता.

पण सगळ्यात घातक ओळ शेवटची होती: "आता ओव्हन १८० अंशांवर तापत ठेवा." तोवर मिश्रणात दही आणि सोडा एकत्र आलेले असतात. ते ओले होऊन भेटले की बुडबुडे लगेच सुटू लागतात. ओव्हन तापेपर्यंत त्यातला बराच वायू निघून जातो, केक बसका होतो आणि करणारी बिचारी स्वतःला दोष देते. ही ओळ मी सगळ्यात वर नेली.

"३५ मिनिटं भाजा" याच्यापुढे भांड्याचा आकारही लिहायला लावला. तेच मिश्रण पसरट भांड्यात लवकर भाजतं, खोल भांड्यात मध्ये कच्चं राहतं. शिवाय खूण हवीच: मधोमध काडी घातली तर ती कोरडी निघायला हवी.

तुमच्या वहीतल्या कृतींमध्ये ही खूण लिहिलेली आहे का?