ऑक्सफर्ड म्हणालं कोण?

इंदूर, बुधवार, रात्री उशिरा

गणपतीतल्या प्रश्नमंजूषेच्या चिठ्ठ्या आज तपासायला घेतल्या. यंदा कॉलेज गटासाठी ‘कोण काय म्हणालं’ अशी वेगळी फेरी आहे, आणि राजेंद्र नगरातली मुलं हल्ली कोरियन सिनेमे नि मालिकाच जास्त बघतात, त्यामुळे निम्मे प्रश्न तिकडचे आलेत. प्रश्न काढणाऱ्या मुलांनी मेहनत घेतली आहे, यात शंका नाही. पण त्यांनी वाक्यं ऐकून नाही, वाचून लिहिली आहेत. पडद्याच्या खाली जे छापून येतं तेच पात्र म्हणालं, असं सगळ्यांनी धरून चाललंय.

एक चिठ्ठी मी लगेच बाजूला काढली. ‘पॅरासाइट’मधला प्रश्न: मुलाचं बनावट प्रमाणपत्र बघून वडील गमतीनं कोणत्या विद्यापीठाचं नाव घेतात? उत्तर लिहिलंय, ऑक्सफर्ड.

हाच प्रश्न मागच्या वर्षी दुसऱ्या एका मंडळात विचारला होता. मी प्रेक्षकांत होते. एका मुलानं ‘सोलचं विद्यापीठ’ असं उत्तर दिलं आणि त्याला शून्य मिळालं. “काकू, मी ऐकलंय ते, खरंच,” असं तो नंतर जिन्यात मला सांगत होता. त्याचं ऐकणं बरोबर होतं. कार्डावरचं उत्तर चूक होतं. ते शून्य मला अजून खुपतं, म्हणून आज ती जागा पुन्हा काढून नीट ऐकली.

मुलाला श्रीमंतांच्या घरी शिकवणी मिळवायची आहे, म्हणून बहिणीनं संगणकावर खोटं प्रमाणपत्र बनवून दिलंय. वडील तो कागद हातात घेऊन खूश होतात आणि विचारतात की अमक्या विद्यापीठात कागदपत्रं बनावट करण्याचा अभ्यासक्रम नाही का. इंग्रजी सबटायटलमध्ये तिथे ऑक्सफर्ड आहे. कानाला येतं ते ‘सउल-दे’. हे सोल राष्ट्रीय विद्यापीठाचं बोलण्यातलं छोटं नाव, आणि कोरियात त्याचा मान सगळ्यांत वरचा. सबटायटल लिहिणारे डार्सी पॅकेट सोलमध्येच राहणारे चित्रपट समीक्षक आहेत आणि दिग्दर्शक बोंग जून-हो यांच्यासोबत बसून त्यांनी हे काम केलं. सोलचं विद्यापीठ म्हटल्यावर बाहेरच्या प्रेक्षकाला त्याचं वजन कळलं नसतं आणि हशा यायचा तिथे आला नसता. म्हणून ओळखीचं नाव घातलं. याला मी ध चा मा म्हणणार नाही. विनोद पोचवायचा म्हणून जाणूनबुजून केलेला बदल आहे आणि सिनेमा बघणाऱ्याच्या दृष्टीनं तो चांगलाच आहे. पण प्रश्न जर ‘पात्र काय म्हणालं’ असा असेल, तर ऑक्सफर्ड हे उत्तर चूकच. ते नाव त्या पात्राच्या तोंडी नाहीच.

याच सिनेमातली दुसरी चिठ्ठीही त्याच जातीची. मुसळधार पावसात गाडीतून घरी परतणारी मालकीण फोन करून कोणता पदार्थ करायला सांगते? उत्तर: रामडॉन. हा शब्द सिनेमात कुणीच उच्चारत नाही. ती ‘चापागुरी’ म्हणते, म्हणजे चापागेटी आणि नेओगुरी या दोन पाकिटांतल्या नूडल्स एकत्र शिजवून केलेला पदार्थ. ‘रामडॉन’ हे रामेन आणि उडोन जोडून सबटायटलसाठी पॅकेट यांनीच घडवलेलं नाव. म्हणजे अनुवादकाच्या टेबलावर जन्मलेला शब्द आपण पात्राच्या पदरात टाकतोय, आणि जो मुलगा ‘चापागुरी’ म्हणेल त्याला चूक ठरवणार आहोत.

या दोन्ही ठिकाणी कोरियन यायची गरज नव्हती. विशेषनाम कानाला सापडतं. कोरियन माणूस ऑक्सफर्ड म्हणाला तर त्याचा उच्चार थोडा बदलेल, पण ‘ऑक्स’ ऐकू येईलच. सबटायटलमध्ये जगभर माहीत असलेलं नाव आहे आणि आवाजात त्याच्यासारखं काहीच नाही, असं झालं की समजावं, इथे अदलाबदल झाली आहे. शहर, माणूस, पदार्थ, कंपनी, आकडा, काहीही असो, दहा सेकंद मागे जाऊन सबटायटल बंद करून ऐकायचं. एवढ्यानं निम्म्या चिठ्ठ्यांचा निकाल लागतो.

नाव नसलेल्या वाक्यांना मात्र कान पुरत नाही. त्या जास्त घातक आहेत, कारण तिथे उत्तर थेट उलटं होऊ शकतं. ‘स्क्विड गेम’वरची चिठ्ठी बघा: 212 क्रमांकाची बाई स्वतःला हुशार म्हणवते का? उत्तर: नाही, ती म्हणते, मी काही जीनियस नाही, पण मला जमलं. प्रत्यक्ष कोरियन वाक्याचा सूर असा आहे की मी अभ्यास केला नाही एवढंच, बाकी डोकं माझं जबरदस्त आहे. म्हणजे ती स्वतःची तारीफ करतेय आणि कार्डावर ती नम्र झालीय. शिकायला न मिळालेली, पण अकलेनं कुणाला न हरणारी बाई, हेच तर त्या पात्राचं सगळं बळ. 2021 मध्ये मालिका आली तेव्हा यंगमी मेयर या कोरियन जाणणाऱ्या विनोदी कलाकारानं हेच वाक्य दाखवून तक्रार केली होती आणि तिचा व्हिडिओ खूप फिरला होता.

त्या तक्रारीतून पुढे जे निघालं, ते प्रश्न काढणाऱ्यानं समजून घ्यायलाच हवं. मालिकेला इंग्रजी सबटायटलच्या दोन वेगळ्या पट्ट्या होत्या. भाषांच्या यादीत एक `English` आणि दुसरी `English [CC]` अशी दिसते. पहिली पट्टी मूळ कोरियन संवादाचं भाषांतर असते, आणि तिच्यात या बाईचं वाक्य अर्थाला धरून होतं. दुसरी ऐकू न येणाऱ्या किंवा कमी येणाऱ्या प्रेक्षकांसाठी, दार वाजलं, संगीत सुरू झालं असंही सांगणारी, आणि तिच्यातले संवाद इंग्रजी डबिंगशी जुळते होते. डबिंगचं वाक्य लिहिताना ओठांची हालचाल आणि वाक्याची लांबी सांभाळावी लागते, त्यामुळे अर्थ सरकतो. इंग्रजी डब ऐकणाऱ्याला ही पट्टी बरोबर वाटते, कारण त्याच्या कानावर तेच शब्द पडतात. पण आवाज कोरियन ठेवून CC लावली की आपण ऐकतो एक आणि वाचतो दुसरंच, आणि दोन्ही एकच आहेत असं समजून बसतो. मेयरनंही नंतर सांगितलं की साध्या इंग्रजी पट्टीतलं भाषांतर बरंच चांगलं होतं.

म्हणून अशा वाक्याला मी दोन्ही पट्ट्या आळीपाळीनं लावून बघते. त्या एकमेकींशी भांडत असतील तर प्रश्न थांबवायचा. आमच्या मागच्या गल्लीत एक मुलगी गेली काही वर्षं मनापासून कोरियन शिकतेय, अशा जागा मी तिलाच ऐकवते. तिनं आज हे वाक्य दोनदा ऐकलं आणि म्हणाली, “काकू, ही बाई फुशारकी मारतेय हो, नम्र कुठली!” सुरातच ते होतं. शब्द कळले नाहीत तरी त्या बाईच्या आवाजातला तोरा मलाही दुसऱ्यांदा ऐकताना जाणवला.

पट्ट्या जुळल्या तरी निश्चिंत होता येत नाही. एका मुलानं मला संध्याकाळी सांगितलं, “काकू, मी हिंदी सबटायटलही बघितलं, त्यातही हेच आहे.” त्याला वाटलं दोन साक्षीदार मिळाले. पण कोरियनमधून थेट हिंदीत करणारी माणसं थोडी, म्हणून पुष्कळदा आधी इंग्रजी होतं आणि त्यावरून बाकीच्या भाषा. तसं असेल तर इंग्रजीत घुसलेली चूक हिंदीतही जशीच्या तशी उतरते. तो साक्षीदार एकच आहे, दोनदा बोलला इतकंच. खरा दुसरा साक्षीदार म्हणजे मूळ आवाज, आणि तो समजणारा माणूस.

आणखी एक जात आहे, तिच्यात चूक कुणाचीच नसते. इंग्रजी सबटायटलच्या एका ओळीत साधारण 42 अक्षरं बसवायची, ओळी दोनच, आणि एक तुकडा जास्तीत जास्त सात सेकंद ठेवायचा, असे नेटफ्लिक्सचे नियम आहेत. माणूस भरभर बोलला की काहीतरी गाळावंच लागतं, आणि पहिल्यांदा गळते ती हाक. दादा, वहिनी, अहो, अगं. मराठी सिनेमा इंग्रजी सबटायटलसह बघताना आपल्या लक्षात येतं, ‘वहिनी’च्या जागी नाव छापलेलं असतं किंवा काहीच नसतं. कोरियनमध्येही नात्यानं हाक मारायची अशीच पद्धत आहे. तेव्हा ‘तो तिला काय म्हणून हाक मारतो’ आणि ‘तो किती वेळा माफी मागतो’ असे प्रश्न सबटायटलवरून काढूच नयेत. आज त्या सगळ्या चिठ्ठ्या मी रद्द केल्या. त्या काढणाऱ्या दोघींना वाईट वाटलं, पण इलाज नव्हता.

डब बघणाऱ्यांचं काय, हा मुलांचा प्रश्न मात्र रास्त आहे. बरीच घरं हिंदी आवाजातच मालिका बघतात, आणि त्यांच्यासाठी पात्र हिंदीतच बोललेलं असतं. त्यांना चूक ठरवणं मला पटत नाही. म्हणून यंदा प्रत्येक कार्डाच्या मागे लिहायला सांगितलंय: आवाज कोणत्या भाषेतला, पट्टी कोणती, आणि जागा किती मिनिटं किती सेकंदांवर. स्पर्धकाला प्रश्न वाचून दाखवतानाही आवाजाची भाषा सांगायची. एवढं नसेल तर परीक्षकाकडे वाद सोडवायला आधारच उरत नाही, मग ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो.

ऑक्सफर्डची चिठ्ठी मी फेकली नाही. नव्यानं लिहिली: ‘पॅरासाइट’च्या इंग्रजी सबटायटलमध्ये वडिलांच्या वाक्यात ऑक्सफर्ड असं छापलेलं आहे, मूळ कोरियन आवाजात ते कोणत्या विद्यापीठाचं नाव घेतात? उत्तर, सोल राष्ट्रीय विद्यापीठ. ‘सउल-दे’ म्हटलं तरी पूर्ण गुण. परीक्षकांना हे कंसात लिहून दिलंय, म्हणजे कार्ड हातात कुणाच्याही असलं तरी ऐकणाऱ्याचे गुण जाणार नाहीत.